सेन्सरची बॅटरी आणि राउटरमधला एक छोटा आकडा

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते मोबाइलवर दाखवणारा, बॅटरीवर चालणारा वाय-फाय सेन्सर महिनाभरात बंद पडला की आपण बॅटरीला नावं ठेवतो. पुष्कळदा कारण घरातल्या राउटरच्या सेटिंगमध्ये असतं.

राउटर स्वतःची ओळख सांगणारा एक छोटा संदेश सतत हवेत सोडत असतो. त्याला बीकन म्हणतात. सेटिंगमध्ये ‘बीकन इंटरव्हल’ बहुधा १०० दिसतो, म्हणजे दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन, सेकंदाला साधारण दहा. झोपलेल्या कोणत्या उपकरणासाठी निरोप राखून ठेवला आहे, याची यादीही त्यातच असते. पण काही निरोप एकासाठी नसतात, सगळ्यांसाठी असतात. ते राउटर ठराविक बीकननंतरच सोडतो. कितव्या बीकननंतर, हे ठरवणारा आकडा म्हणजे डीटीआयएम. तो १ असेल तर प्रत्येक बीकननंतर, ३ असेल तर प्रत्येक तिसऱ्या बीकननंतर. राउटरशी जोडलेला राहून झोपणारा सेन्सर साधारणपणे याच वेळा पाळून जागा होतो.

आता टाकीवरच्या सेन्सरचा हिशेब करू. त्यात ईएसपी३२ ही चिप आहे असं धरा. ऐकताना ती सुमारे १०० मिलिअँपिअर ओढते आणि हलक्या झोपेत सुमारे ०.८. बीकन ऐकायला दर वेळी तीन मिलिसेकंद जाग आली, तर डीटीआयएम १ ला सरासरी खर्च ३.७ मिलिअँपिअर पडतो, ३ ला १.८ आणि १० ला १.१. बॅटरी २५०० मिलिअँपिअर-तासांची असेल तर ती अनुक्रमे २८, ५८ आणि ९५ दिवस पुरेल. हा कागदावरचा हिशेब आहे. सर्किट बोर्डावरचा एलईडी किंवा व्होल्टेज रेग्युलेटर यापेक्षा जास्त वीज खात असेल, तर राउटरमध्ये काहीही बदललं तरी फरक बराच कमी दिसेल.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १ वरून ३ वर जाताना बॅटरीचं आयुष्य दुप्पट होतं. ३ वरून १० वर जाताना मात्र झोप तिपटीहून लांबते, तरी आयुष्य दुप्पटही होत नाही, कारण झोपेतला ०.८ चा खर्च तसाच राहतो. शिवाय १० वर सगळ्यांसाठीचा निरोप पोचायला सेकंदभर लागू शकतो. मोबाइल सेन्सरला हाक मारतो, उत्तर वेळेत येत नाही आणि ॲप ‘ऑफलाइन’ दाखवतं. झोपेतलं घड्याळही थोडं सरकतं. झोप जितकी लांब, तितका बीकन चुकण्याचा धोका जास्त. लागोपाठ बीकन चुकले की जोडणी तुटते, आणि ती पुन्हा जुळवण्यात वाचवलेली वीज निघून जाते. म्हणून घरासाठी मला ३ हाच आकडा योग्य वाटतो. बीकन इंटरव्हल मात्र १०० वरच ठेवावा. तो वाढवला तर घरातल्या प्रत्येक मोबाइलला नेटवर्क सापडायला वेळ लागतो.

३ ठेवूनही बॅटरी लवकर संपत असेल, तर नेटवर्कवरची गर्दी तपासा. टीव्ही, प्रिंटर, स्पीकर एकमेकांना शोधत सगळ्यांसाठी संदेश पाठवत राहतात आणि ते सगळे संपेपर्यंत सेन्सरला जागं राहावं लागतं. अशा वेळी सेन्सरसाठी वेगळं नेटवर्क करणं फायद्याचं ठरतं.

आपल्या राउटरचा आकडा लिनक्सच्या लॅपटॉपवर असा दिसतो (`wlan0` च्या जागी आपल्या वाय-फाय कार्डाचं नाव घाला):

```
sudo iw dev wlan0 scan | grep -E "SSID|beacon interval|DTIM"
```

`DTIM Period` पुढचा आकडा तो. काही साध्या राउटरांत, विशेषतः इंटरनेट कंपनीने दिलेल्यांत, तो बदलायची सोयच नसते.

पण मुळात टाकीच्या सेन्सरला सतत जोडलेलं राहायची गरज आहे का? पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी कळली तरी पुरे असेल, तर त्याने गाढ झोपावं, उठून जोडणी करावी, आकडा पाठवावा आणि पुन्हा झोपावं. एका खेपेला १०० मिलिअँपिअरने तीन सेकंद गेले, तर दिवसाच्या ९६ खेपांचा खर्च सुमारे आठ मिलिअँपिअर-तास होतो आणि तीच बॅटरी ३०० दिवसांच्या आसपास चालते. असा सेन्सर झोपताना राउटरशी संबंधच ठेवत नाही, त्यामुळे डीटीआयएमने त्याला काही फरक पडत नाही. त्याला आयपी पत्ता कायमचा ठरवून दिला, तर जोडणीचा वेळही वाचतो.

दाराचं कुलूप किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह यांना आज्ञा लगेच ऐकावी लागते, म्हणून ते जोडलेलेच राहतात. तुमच्या घरी असं बॅटरीवरचं उपकरण असेल, तर नवी बॅटरी घालण्याआधी राउटरमधला हा आकडा एकदा पाहा.