नियमांची भाषा : मेहुण्याचे कोटेशन

या आठवड्यात भेटवस्तूंच्या कलमाकडे वळण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी सातारच्या एका वाचकांचे जे पत्र आले, ते वाचल्यावर हितसंबंधांच्या कलमाला इतक्यात निरोप देणे मला प्रशस्त वाटेना. भेटवस्तू एक आठवडा थांबतील. हा प्रश्न मात्र थांबविण्याजोगा नाही, कारण 'प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष हितसंघर्ष टाळावा आणि तो उद्भवल्यास योग्य अधिकाऱ्यास विनाविलंब कळवावा' या ज्या वाक्याची आपण गेल्या वेळी चिकित्सा केली, त्या वाक्याच्या पोटात तो अनुत्तरित पडून आहे.

पत्रलेखक यंत्रांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी खात्यात आहेत. माल बांधण्यासाठी लागणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांकरिता तीन पुरवठादारांकडून कोटेशने मागविण्यात आली. त्यांपैकी एक पुरवठादार म्हणजे त्यांच्या पत्नीचा सख्खा भाऊ, आणि सर्वांत कमी दर त्याचाच निघाला. यांनी तुलनेचा तक्ता केला, त्यावर सही केली, वरिष्ठांनी तो मंजूर केला आणि ऑर्डर मेहुण्याकडे गेली. पुढे हिशेबतपासणीत हे नाते उघड झाले आणि यांच्याकडून लेखी खुलासा मागविण्यात आला. ते मला विचारतात की, कंपनीला सर्वांत स्वस्त माल मिळाला असताना संघर्ष झाला तो कोठे. आणि कंपनीच्या आचारसंहितेत 'नातेवाईक म्हणजे कंपनी कायद्यात व्याख्या केल्याप्रमाणे' असे स्वच्छ लिहिलेले असताना माझ्याकडून भंग झाला तो कशाचा?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण आचारसंहितेचे मसुदे करणाऱ्या अनेकांचा पाय नेमका याच ठिकाणी घसरतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 2(77) प्रमाणे नातेवाईक म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य, पती-पत्नी आणि नियमांनी ठरवून दिलेली इतर नाती. आणि 2014 च्या नियमांत ही इतर नाती मोजून आठ दिली आहेत : वडील, आई, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण. काही नात्यांत सावत्रही धरले आहेत. आता या यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवावी. तीत जावई आहे, पण सासरा नाही. मेहुणा नाही, मेहुणी नाही, साडू नाही, बहिणीचा नवराही नाही. 1956 च्या जुन्या कायद्याची यादी हिच्याहून बरीच लांब होती. तीत बहिणीच्या नवऱ्याला स्थान होते, तथापि पत्नीच्या भावाला तीतही नव्हते. म्हणजे दोन माणसांमधील एकच नाते एका बाजूने मोजावयाचे आणि दुसऱ्या बाजूने सोडून द्यावयाचे, अशी ती रचना होती.

कायद्याला याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. ही यादी मुख्यतः संचालक, वरिष्ठ व्यवस्थापक आणि त्यांचे आप्त यांच्याशी कंपनीने करावयाच्या व्यवहारांसाठी, म्हणजे कोणत्या करारास संचालक मंडळाची किंवा भागधारकांची संमती लागेल हे ठरविण्यासाठी उपयोगी पडते, आणि अशा कामाला बंदिस्त यादीच हवी असते. परंतु खोक्यांची कोटेशने उघडणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ती मुळी केलेलीच नाही. मसुदा करणाऱ्याने श्रम वाचविण्यासाठी ती उचलून आचारसंहितेत बसविली, आणि आपल्याकडील संसारात व्यवहाराची गाठ जेथे सर्वांत अधिक पडते ते सासरचे सगळे गोत त्या एका वाक्याने नियमाबाहेर ठेवले. तेव्हा नात्याच्या व्याख्येपुरते पाहिले, तर पत्रलेखकांचे म्हणणे खरे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या बाजूने देता येत नाही. दर सर्वांत कमी होता, ही गोष्ट कोटेशने उघडल्यानंतरची आहे. हितसंबंध आड आला तो त्याच्या कितीतरी आधी. खोके तीन पदरी असावे की पाच पदरी, पुरवठादारांपैकी कोणाला विचारावयाचे, बिलाची मुदत तीस दिवसांची की साठ, आलेल्या मालातील ओलसर खोकी परत करावयाची की चालवून घ्यावयाची, हे सारे त्याच मेजावर ठरते, आणि इतर दोघांचे दर प्रथम त्याच मेजावरील माणसाच्या दृष्टीस पडतात. यांपैकी एकाही ठिकाणी पत्रलेखकांनी पक्षपात केला असे मी म्हणत नाही. परंतु केला नाही हे दाखविण्याचा कोणताही मार्ग त्यांनी स्वतःपाशी शिल्लक ठेवला नाही, आणि ज्या कंपनीने त्यांच्यावर विश्वास टाकला तिलाही तो राहिला नाही.

येथे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मसुद्याचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 216 मालक आणि त्याचा प्रतिनिधी यांच्याविषयी आहे. मालकाच्या नकळत प्रतिनिधीने त्याच कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर त्यातून झालेला लाभ मालकाला मागता येतो, असा तो नियम. आणि त्याच्याच खाली छोटे उदाहरण दिले आहे. एकाने आपल्या प्रतिनिधीस अमुक घर आपल्यासाठी विकत घेण्यास सांगितले. प्रतिनिधीने ते मिळत नाही असे सांगून स्वतःच विकत घेतले. हे उघडकीस आल्यावर मालक त्याच किमतीस ते घर त्याच्याकडून घेऊ शकतो. मालकाचे नुकसान किती झाले, हा प्रश्न या उदाहरणात विचारलेलाच नाही. नियमाचे वाक्य वाचून जे चटकन लक्षात येत नाही, ते त्या एका घराच्या गोष्टीने कोणाच्याही लक्षात येते. नियमाखाली असे दृष्टांत देण्याची ही रीत मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये तयार केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यात अवलंबिली होती, 1860 च्या संहितेत ती कायम राहिली आणि आजच्या न्याय संहितेतही आहे. आपल्या कंपन्यांच्या आचारसंहितांनी मात्र हा वारसा सोडून नुसती अमूर्त वाक्ये पत्करली.

आता प्रत्यक्ष फेरमसुदा करू. आरंभीचे सामान्य वाक्य काढून टाकावयाचे नाही. ते सोप्या शब्दांत असे लिहावे :

'तुमच्या निर्णयामुळे तुमच्या घरातील, माहेरच्या, सासरच्या किंवा तुमच्याशी पैशाचा व्यवहार असलेल्या माणसाला काम, पैसा अथवा नोकरी मिळणार असेल, तर तो निर्णय तुम्ही घेऊ नका, आणि तसा संबंध असल्याचे कळताच त्याच दिवशी खातेप्रमुखांना लेखी कळवा.'

त्याखाली लगेच दृष्टांत :

'(अ) खरेदी अधिकाऱ्याच्या पत्नीच्या भावाचा खोक्यांचा कारखाना आहे आणि तो कोटेशन देणार असल्याचे अधिकाऱ्यास कळते. त्याने त्याच दिवशी, कोटेशने उघडण्यापूर्वी, लेखी कळवावे. पुरवठादार निवडणे, तक्ता करणे, माल तपासून घेणे आणि बिल मंजूर करणे ही कामे खातेप्रमुख दुसऱ्याकडे सोपवितील. मेहुण्याचा दर सर्वांत कमी असला तरीही हाच नियम लागू आहे. मेहुण्यास कोटेशन देण्याची मनाई नाही.

(आ) तोच मेहुणा, तोच कारखाना. परंतु कर्मचारी यंत्रशाळेत आहे आणि खरेदी, माल-तपासणी वा बिले यांच्याशी त्याचा संबंध येत नाही. त्याने एकदा लेखी कळवावे. त्याच्या कामात फेरफार होणार नाही.

(इ) कंपनी ज्या मोठ्या पोलाद कंपनीकडून पत्रे घेते, तिचे पन्नास शेअर खरेदी अधिकाऱ्याने शेअरबाजारातून घेतलेले आहेत. काही कळविण्याची आवश्यकता नाही.'

या तीन दृष्टांतांची निवड हेतुपुरस्सर आहे. पहिल्या आणि दुसऱ्यात एकच गोष्ट बदलली आहे, ती म्हणजे कर्मचाऱ्याचे काम. त्यामुळे दोष नात्यात नसून नाते आणि निर्णय एका हातात येण्यात आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. तिसरा दृष्टांत पूर्णतः निर्दोष वर्तनाचा आहे, आणि तो गाळण्याचा मोह मसुदाकारांना फार होतो. परंतु तो नसेल तर भित्रा कर्मचारी क्षुल्लक गोष्टींची पत्रे पाठवीत राहतो आणि त्या ढिगात महत्त्वाचे पत्र दडून जाते. शिवाय मेहुण्याच्या दोन्ही दृष्टांतांत हुद्दा, नाते, हातातले काम, कळविण्याची वेळ आणि पुढे काय होईल, या गोष्टी येतात. शेवटची गोष्ट विशेष आवश्यक आहे, कारण कळविल्याने मेहुण्याचा धंदा बुडेल अशी भीती असली, की प्रामाणिक माणूसही गप्प बसतो. नोटांनी भरलेली पिशवी स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचा दृष्टांत मात्र चुकूनही घालू नये. तो गुन्हा आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्याच्या शेजारी ठेवल्यावर मेहुण्याचे कोटेशन निष्पाप भासू लागते.

दृष्टांतांची एक मर्यादा आहे, ती लपवून चालणार नाही. उद्या कोणी म्हणेल की दृष्टांतात मेहुणा आहे, माझा तर साडू आहे. प्रिव्ही कौन्सिलने 1916 मध्ये कायद्यातील दृष्टांतांविषयी जो निर्वाळा दिला, तो असा की ते कलमाचा अर्थ लावण्यास उपयुक्त आहेत आणि त्यांना सहसा बाजूला सारू नये; पण कलमाची जागा दृष्टांत घेऊ शकत नाही, हेही न्यायालयांनी मानलेले आहे. म्हणून 'हे दृष्टांत नियम समजावण्यासाठी आहेत, ती संपूर्ण यादी नव्हे' हे वाक्य सामान्य नियमाच्या लगेच खाली, दृष्टांतांच्या आधी घालावे. शेवटी घातले तर ते कोणी वाचीत नाही. आणि मसुदा पुरता झाल्यावर वेगवेगळ्या खात्यांतील चार-पाच जणांना साडूचे एखादे नवे प्रकरण देऊन, काहीही न समजावता, 'तुम्ही काय कराल' असे विचारावे. उत्तरे जुळली तर कलम तयार झाले. न जुळली तर मतभेद ज्या तपशिलावर झाला, त्याचाच पुढचा दृष्टांत करावा.

पत्रलेखकांना माझा अभिप्राय असा : नाते आपण आधी कळवावयास हवे होते, आणि खुलाशात ते सरळ, तारखांसह लिहावे, दर कमी होता हा बचाव पुढे करू नये. परंतु कंपनीनेही त्यांना अप्रामाणिक ठरविण्यापूर्वी स्वतःचे कलम वाचून पाहावे, कारण मेहुणा नातेवाईक नाही असे तिनेच त्यांना लिहून दिले होते. अशी दुमताची प्रकरणे आपल्याही कचेरीत घडली असतील, तर नावे न देता हुद्दा, नाते, सही केलेला कागद आणि नाते कळल्याची वेळ एवढे मला अवश्य लिहून पाठवावे. पुढील आठवड्यात भेटवस्तूंचे कलम.