‘मातीचा गंध’ कुणाचा?

आमच्या ऑफिसच्या गृहपत्रिकेत पुस्तकांचं एक पान असतं. मध्यंतरी त्या पानासाठी मी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर लिहिलं. छापून आलं, चार जणांनी पाठ थोपटली. दुपारी अकाउंट्समधल्या मॅडम डबा घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, “छान लिहिलंयस रे. पण हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलंय.” पोळीचा घास घशातच अडकला!

वाक्य असं होतं : ‘माणदेशी मातीचा सुगंध घेऊन आलेली ही कादंबरी खेड्यातल्या जगण्याचं दाहक सत्य सांगते.’ खरं सांगू? लिहायला बसण्याआधी मी तीन परीक्षणं वाचली होती. त्यातल्या एकात ‘मातीचा गंध’ होता, तो मी ‘सुगंध’ केला. ‘विदारक वास्तव’ होतं, त्याचं ‘दाहक सत्य’ केलं. शब्द बदलले, पण सांगाडा तोच. याला आपलं लिहिणं म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या शर्टाची बटणं बदलून तो आपला म्हणून घालण्यातला प्रकार! पुढच्या अंकात चार ओळींची दिलगिरी छापावी लागली, आणि ते पान परत मिळायला सहा महिने गेले.

आता मी उलट्या क्रमाने जातो. आधी पुस्तक, मग माझा मसुदा आणि परीक्षणं सगळ्यात शेवटी.

वाचताना पेन्सिलीने फक्त पानांचे नंबर टिपायचे. संपलं की पुस्तक मिटायचं, एक रात्र जाऊ द्यायची आणि न उघडता गोष्ट लिहायची, मित्राला फोनवर सांगतो तशी. विशेषणं बंद! कोण आलं, काय केलं, काय झालं, एवढंच. ‘बनगरवाडी’चं माझं असं झालं :

‘औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीत तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागे, शाळा ओस. गावचा कारभारी पाठीशी उभा राहतो आणि पोरं येऊ लागतात. हळूहळू लोक आपली गाऱ्हाणीही मास्तरकडे आणतात. सगळे राबून तालीम बांधतात. मग पाऊस दगा देतो, माणसं वस्ती सोडतात आणि मास्तरही निघतो.’

यात उसनं काही नाही, कारण घटना कुणाच्या मालकीच्या नसतात. कादंबरी १९५५ची आहे, अमोल पालेकरांनी तिच्यावर १९९५ साली चित्रपट केला, हेही कुणीही लिहू शकतं. उसनवारी होते ती मत देताना. म्हणून प्रत्येक मतापुढे स्वतःला विचारायचं, “कुठल्या पानावर?” ‘मातीचा गंध’ म्हणताना मला एकही पान आठवत नव्हतं, तिथेच चोरी पकडली गेली.

मग मला स्वतःला काय वाटलं? माझी पहिली बदली आठवली. नवं गाव, महिनाभर कुणी ऐकेना. मास्तरचं तेच होतं, पण तो कुरकुरत नाही. आनंदा रामोशी चोऱ्या करतो हे ठाऊक असूनही मास्तर त्याच्याबद्दल बोलतो ते न्यायाधीशासारखं नाही. आणि जी तालीम सगळ्यांनी मिळून उभी केली, तिच्यापाशी शेवटी माणसंच उरत नाहीत. मला चटका बसला तो इथे. हे भारी मत असेल-नसेल, पण ते माझं आहे आणि त्याच्यामागे पान आहे.

आता परीक्षणं वाचा, बिनधास्त. एखाद्या समीक्षकाचा मुद्दा पटला तर त्याचं नाव घालून लिहा. पुस्तकातली ओळ घेतलीत तर अवतरणचिन्हं आणि पान नंबर हवाच. शेवटी शंका येईल ते वाक्य उचला, त्यातले सलग सहा-सात शब्द अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. मराठीत एक गोची आहे. ‘मातीचं’ आणि ‘मातीचे’ हे शोधयंत्राला वेगळे शब्द वाटू शकतात, तेव्हा दोन्ही रूपं टाकून बघा. तरी हा शोध फक्त जसंच्या तसं उचललेलंच पकडतो. माझा ‘सुगंध’ त्याच्या हाती कधीच लागला नसता! त्याला “कुठल्या पानावर?” हाच प्रश्न लागतो.

आणि हो, पुस्तक नवं असेल तर गोष्ट दोन-तृतीयांशावर थांबवा. शेवट वाचकाचा असतो.

गेल्या महिन्यात माझं नवं परीक्षण छापून आलं. मॅडम पुन्हा डबा घेऊन समोर बसल्या. मी श्वास रोखून धरला. त्या म्हणाल्या, “ते पुस्तक आहे का रे तुझ्याकडे? दे ना वाचायला.”