किचनला मरीन, कपाटाला कमर्शियल? प्लायवूड घेण्यापूर्वी हे वाचा

फर्निचरच्या कोटेशनमध्ये 'वॉटरप्रूफ प्लाय' एवढंच लिहिलं असेल, तर पुढे जाण्याआधी ग्रेड विचारा. प्लायवूडच्या ग्रेडमधला मुख्य फरक असतो तो पातळ थर चिकटवणाऱ्या गोंदाचा.

तीन ग्रेड, तीन कामं

कमर्शियल म्हणजे एमआर प्लाय. त्याचा युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद हवेतला दमटपणा सहन करतो, पण पाण्यात सुटतो. बीडब्ल्यूआर, म्हणजे बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट प्लायमध्ये फिनॉलिक गोंद असतो. तो उकळत्या पाण्यातही टिकतो. हे दोन्ही ग्रेड IS 303 या मानकात येतात. मरीन प्लायचं मानक वेगळं, IS 710. त्याचा नमुना ७२ तास उकळून तपासतात आणि लाकडावर कीड-बुरशीविरोधी प्रक्रियाही केलेली असते.

मरीन नेमकं कुठे?

संपूर्ण किचन मरीनमध्ये करायची गरज नसते. खरा धोका सिंकखालच्या कपाटाला असतो. समजा, ते ३ फूट रुंद, २ फूट खोल आणि सव्वादोन फूट उंच आहे. दोन बाजू, तळ आणि दोन दारं मिळून सुमारे २२ चौरस फूट होतात. ८ बाय ४ च्या शीटमध्ये ३२ चौरस फूट असतात, म्हणजे मरीनची एकच शीट पुरते. बाकी ओट्याखालच्या कपाटांना बीडब्ल्यूआर घ्या. कोरड्या बेडरूममधल्या वॉर्डरोबला कमर्शियल चालतं. पण त्यामागे बाथरूमची भिंत असेल किंवा घर कोकणपट्टीत असेल, तर तिथेही बीडब्ल्यूआरच घ्या.

शिक्का कसा वाचायचा?

शीटवर 'मरीन' छापलेलं, पण आयएसआय चिन्हाजवळ IS 303 असेल, तर ती मरीन नाही. CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक BIS Care ॲपमध्ये टाकून पाहा. लालसर रंगावर जाऊ नका, रंग वरूनही देता येतो. शंका असेल तर कापलेला छोटा तुकडा काही तास उकळा. थर सुटले, तर ती शीट ओट्याखाली वापरू नका.

कडा उघड्या नकोत

मरीनमध्येही वॉटरप्रूफ असतो तो गोंद. लाकूड पाणी शोषतंच आणि सर्वात जास्त शोषतं ते कापलेल्या कडेतून. कड फुगली, की सनमायका सुटायला लागतो. म्हणून कट मारल्यावर कड पॉलिश पेपरने घासून धूळ पुसा आणि पीयू सीलरचे दोन हात द्या. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्या. मग एज बँड लावा.

तीन जागा हमखास राहून जातात: कपाटाची जमिनीकडची कड, पाइपसाठी पाडलेलं भोक आणि बिजागरीचा खड्डा. कपाट भिंतीला बसल्यावर खालच्या कडेपर्यंत हात पोचत नाही. त्यामुळे बसवण्याआधीच सुताराकडून या तिन्ही जागा दाखवून घ्या.