अडीचातून पाऊण गेले

सहावीच्या गणिताची घटक चाचणी यंदा मी बदलली. प्रश्नपत्रिका काढायला एक रविवार पुरला, पण पालकांना ती समजावून सांगणारी एका पानाची चिठ्ठी लिहायला तीन संध्याकाळी गेल्या.

पहिला खर्डा मी शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना वाचायला दिला. त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. त्यात मी लिहिलं होतं, ‘संविधान तक्त्यात आकलन व उपयोजन या उद्दिष्टांचा भारांश वाढवला आहे.’ मावशींनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “बाई, यात पोरीनं काय करायचं ते कुठं लिहिलंय?” खरंच, ते कुठंच नव्हतं. कोणत्या भागाला किती गुण आणि कशाची परीक्षा, हे आम्ही शिक्षक ज्या तक्त्यात मांडतो तो संविधान तक्ता. तो माझ्या टाचणवहीत असला की झालं. आईबापांना तो वाचून मुलाजवळ बसता येत नाही.

मग मी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. घटक होता ‘अपूर्णांकांवरील क्रिया’. आतापर्यंत या घटकावर सरावसंचातली दहा उदाहरणं यायची, प्रत्येकी दोन गुण, एकूण वीस. उत्तर बरोबर तर दोन, नाहीतर शून्य. त्यात अठरा मिळवणारी मुलं सहामाहीला शाब्दिक उदाहरणापुढे अडायची. वजाबाकी करायची की गुणाकार, हेच ठरवता यायचं नाही. अठरा गुणांनी मला आणि त्यांच्या घरच्यांनाही चुकीची बातमी दिली होती.

नवी चाचणीही वीसच गुणांची आणि चाळीस मिनिटांची. चिठ्ठीत मी तिची मांडणी अशी लिहिली: “पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे चार छोटे प्रश्न आहेत, ते ज्याला घटक वाचून माहीत आहे त्याला येतील. दुसऱ्यात प्रत्येकी दोन गुणांची तीन उदाहरणं, वर्गात सोडवली तशीच. तिसऱ्यात प्रत्येकी तीन गुणांची दोन शाब्दिक उदाहरणं. ती पुस्तकात नाहीत. चौथा प्रश्न चार गुणांचा. त्यात कुणीतरी चुकीचं सोडवलेलं एक गणित दिलेलं असेल. चूक शोधायची, ती का झाली ते एका वाक्यात लिहायचं आणि गणित बरोबर करायचं.”

चौथ्या प्रश्नावर पालकसभेत सर्वांत जास्त बोलणं झालं. एक वडील म्हणाले, “बाई, चुकीची गणितं मुलांपुढे ठेवलीत तर तीच डोक्यात बसतील की.” ही भीती रास्त आहे, म्हणून मी फळ्यावर प्रश्नच लिहून दाखवला: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. ही चूक दर वर्षी वर्गातली काही मुलं आपण होऊन करतात. ती मी त्यांच्या डोक्यात घालत नाही, ती आधीच तिथं असते. मी त्या वडिलांना विचारलं, “अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी थोडी खाल्ली. एकूण अर्धीपेक्षा कमी होईल का?” २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. एवढं ज्या मुलाला दिसलं, त्याला नियम विसरला तरी उत्तर चुकल्याचं कळतं. त्या चार गुणांतला एक गुण चूक कुठे आहे ते दाखवण्याला, एक कारणाला आणि दोन ५/६ पर्यंत नीट पोचण्याला.

गुण कसे द्यायचे, हा चिठ्ठीचा अवघड भाग. नुसतं ‘पायऱ्यांना गुण आहेत’ असं लिहून कुणाला काही कळत नाही. म्हणून मी एक उदाहरण पूर्ण सोडवून दिलं. शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे अडीच मीटर कापड आहे, झबल्याला पाऊण मीटर लागलं, उरलं किती? वजाबाकी करायची हे ओळखून २ पूर्णांक १/२ − ३/४ असं लिहिलं की पहिला गुण. त्यांचे समच्छेद करून १०/४ − ३/४ लिहिलं की दुसरा. ७/४, म्हणजे १ पूर्णांक ३/४ मीटर, असं एककासह उत्तर लिहिलं की तिसरा. ‘मीटर’ राहिलं तर मी त्याचा वेगळा गुण कापत नाही, लाल पेनाने गोल करते. पण तेच पुढच्या चाचणीत पुन्हा झालं तर कापते, आणि हेही चिठ्ठीत लिहिलं.

पुढे एक वाक्य होतं, ते मी सर्वांत जास्त वेळा खोडून लिहिलं: “एका चुकीची शिक्षा एकदाच.” याचा अर्थ पालकांना पेपर हातात आल्यावर कळला. वर्गातल्या एका मुलाने अडीचचं रूपांतर करताना दोनात एक मिळवून ३/२ केलं. पुढे त्याने ३/२ − ३/४, मग ६/४ − ३/४ आणि शेवटी ३/४ मीटर असं सगळं शिस्तीत केलं. उत्तर चूक आहे. जुन्या पद्धतीत शून्य मिळालं असतं. नव्या पद्धतीत वजाबाकी ओळखल्याचा एक गुण आहे, रूपांतराचा गेला, आणि स्वतःच्या आकड्यांवर पुढची वजाबाकी बरोबर केल्याचा एक आहे. तीनपैकी दोन. त्याच्या शेजारच्या मुलीने ५/२ − ३/४ अशी मांडणी केली आणि वरून पाचातून तीन, खालून चारातून दोन काढून २/२, म्हणजे एक मीटर, असं उत्तर आणलं. तिला एक गुण. दोघांचीही उत्तरं चुकीचीच, पण मुलाला पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा अंशाधिक करण्याचा दहा मिनिटांचा सराव हवा आहे, तर मुलीला छेद म्हणजे काय, इथपासून पुन्हा शिकवायला हवं. शून्य आणि शून्य लिहिलं असतं तर हे दोघं मला एकसारखेच दिसले असते.

संक्षिप्त रूपाचाही एक नियम मी ठरवून टाकला, कारण त्यावरून दर वर्षी घरी नाराजी होते. ३/५ × १०/९ चं उत्तर कुणी ३०/४५ असं ठेवलं, आणि प्रश्नात ‘संक्षिप्त रूप द्या’ असं म्हटलेलं नसेल, तर पूर्ण गुण. म्हटलेलं असेल तर २/३ पर्यंत यावंच लागेल.

मग निकालपत्रकाचा प्रश्न. ‘वीसपैकी चौदा, म्हणजे श्रेणी कोणती?’ हे मला हमखास विचारलं जातं. सहावीला एका सत्रात प्रत्येक विषयाचे शंभर गुण असतात; निम्मे आकारिक मूल्यमापनाचे आणि निम्मे संकलितचे. संकलितच्या पन्नासात चाळीस लेखी आणि दहा तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आकारिकच्या पन्नासात तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनं येतात, आणि चाचणी हे त्यांतलं एक. आमच्या शाळेत या चाचणीचे वीस गुण निम्मे करून दहा धरतो. चौदाचे सात झाले. शंभरातले सात. श्रेणी लागते ती सगळे शंभर गुण जमल्यावर. ६१ ते ७० ला ब-२, ७१ ते ८० ला ब-१, अशी. चाचणीच्या चौदा गुणांवरून घरी श्रेणी काढून मुलाला रागावू नये, असं मी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं. एका गुणाच्या फरकावरून दोन मुलांची तुलना करू नये, हेही लिहिलं. वीस गुणांच्या पेपरात चौदा आणि पंधरा यांच्यात बऱ्याचदा एका पायरीचाच फरक असतो.

चिठ्ठीतला एक नियम मात्र चुकला. मी लिहिलं होतं, ‘शाब्दिक उदाहरणात नुसतं उत्तर लिहिल्यास एकच गुण.’ हेतू सरळ होता. शेजारच्याचं बघून लिहिलेलं उत्तर आणि स्वतः काढलेलं उत्तर कागदावर सारखंच दिसतं. पेपर तपासताना चार मुलांनी कापडाच्या उदाहरणाखाली नुसतं उत्तर लिहिलेलं सापडलं. त्यातल्या एकाने तर आकडाही न लिहिता अक्षरात लिहिलं होतं, ‘पावणेदोन मीटर’. नियमाप्रमाणे एक गुण देऊन मी पुढे गेले, पण मन लागेना. मधल्या सुट्टीत चौघांनाही एकेक करून बोलावलं आणि विचारलं, कसं काढलंस?

दोघांना सांगता आलं नाही. एका मुलीने मांडणी दुसऱ्या कागदावर केली होती आणि तो कागद फेकून दिला होता. तिने फळ्यावर ती पुन्हा करून दाखवली. पावणेदोनवाला क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “बाई, अडीच म्हणजे दहा पाव. पाऊण म्हणजे तीन पाव. दहातनं तीन गेले, सात पाव. चार पावांचा एक, वर तीन पाव. पावणेदोन.” त्याची आई घरी ब्लाऊज शिवते. टेपवर हात ठेवून हिशोब करताना त्याने तिला शंभरदा ऐकलं असेल.

मी त्याच्याकडे बघत राहिले. दहा पावातून तीन पाव म्हणजे १०/४ − ३/४. समच्छेद करण्याची जी पायरी मी पंधरा दिवस फळ्यावर शिकवत होते, तीच ही होती. फक्त त्याने छेदाला ‘पाव’ म्हटलं होतं. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी पाठ केली. ती पाठांतरं गेली, पण त्यांतले शब्द घरात, दुकानात, शिलाई मशीनवर अजून जिवंत आहेत, आणि अपूर्णांकाच्या धड्यात मी त्यांना जवळजवळ जागाच दिली नव्हती.

पेपरातला त्याचा गुण मी बदलला नाही. नियम छापून सगळ्यांच्या घरी गेला होता, आणि तो एकासाठी वाकवला असता तर चिठ्ठीला अर्थ राहिला नसता. त्याचं सांगणं मात्र मी आकारिक नोंदवहीत तोंडीकामाखाली त्याच्याच शब्दांत लिहून ठेवलं आणि तिथले पूर्ण गुण दिले. त्या मुलीचीही नोंद केली. त्याची आई पेपरावर सही करायला आली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यानं तसंच लिहायचं होतं का?” मी हो म्हटलं.

दशांश अपूर्णांकांच्या चाचणीची चिठ्ठी गेल्या आठवड्यात गेली. त्यात तो नियम असा आहे: “उत्तर कसं काढलं ते दाखवावं. आकड्यांत मांडलं तरी चालेल, स्वतःच्या शब्दांत एका-दोन वाक्यांत लिहिलं तरी चालेल. गुण सारखेच आहेत.” छापायच्या आधी मावशींना वाचायला दिली. या वेळी त्यांनी एकदाच वाचली आणि ‘स्वतःच्या शब्दांत’ यावर बोट ठेवून विचारलं, “आमच्या बोलीत लिहिलं तर?” त्या ओळीखाली मी हाताने आणखी दोन शब्द लिहिले, ‘बोलीतही चालेल’, आणि मग कागद झेरॉक्सला पाठवला.