‘संपलंय, उद्या या’ म्हणायची वेळ का येते?

मेडिकलच्या काउंटरवर रोज कानावर पडणारं वाक्य म्हणजे, ‘संपलंय, उद्या या.’ त्याच दुकानात मागच्या फडताळात मात्र खोकल्याच्या औषधाच्या डझनभर बाटल्या मुदत संपायची वाट बघत पडलेल्या असतात. दुकानदाराचे पैसे कमी पडले म्हणून हे झालेलं नसतं. पैसे चुकीच्या खोक्यात अडकलेले असतात, एवढंच.

आता बहुतेक दुकानांत बिलं कॉम्प्युटरवर होतात, आणि प्रत्येक औषधापुढे ‘मिनिमम’ नावाचा एक रकाना असतो. शिल्लक त्या आकड्याच्या खाली गेली की औषध ऑर्डरच्या यादीत येतं. हीच रीऑर्डर लेव्हल. रकाना असतो, पण त्यात बरेचदा सगळ्यांसाठी सरसकट 10 टाकलेले असतात. तो आकडा विक्रीवरून कसा काढायचा, ते एका गोळीच्या उदाहरणाने पाहू.

समजा, दुकान तालुक्याच्या गावात आहे आणि औषध आहे मधुमेहाची रोजची गोळी, मेटफॉर्मिन 500. एका स्ट्रिपमध्ये 10 गोळ्या. गेल्या 90 दिवसांत 468 स्ट्रिप विकल्या गेल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने दिवसाला 5.2. हा आकडा दिसायला चोख, पण खोटा आहे. त्या 90 दिवसांत 12 दिवस दुकानात ही गोळी नव्हतीच. त्या दिवशी विक्री शून्य दिसते, पण मागणी शून्य नव्हती. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. म्हणून 468 ला 90 ने नाही, माल हातात होता त्या 78 दिवसांनी भागायचं. उत्तर येतं 6.

हा फरक छोटा वाटतो, पण तो फसवा आहे. माल संपला की विक्री कमी दिसते, त्यावरून पुढची ऑर्डर कमी जाते, आणि माल पुन्हा आधीपेक्षा लवकर संपतो. चांगला खप असलेलं औषध अशा चक्रात हळूहळू ‘आपल्याकडे जात नाही’ या यादीत जाऊन बसतं. याच कारणासाठी जुन्या दुकानदारांची शॉर्टची वही कॉम्प्युटर आल्यावरही बंद करू नये. गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाताने गेलं, ते बिलात कधीच उमटत नाही, वहीत उमटतं.

आता दुसरा आकडा: माल यायला किती दिवस लागतात? दुकानदार सांगेल, ‘आज सांगितलं की उद्या येतो.’ खरं आहे, पण अर्धंच. स्टॉकिस्टची गाडी जिल्ह्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ऑर्डर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी जाते. गुरुवारी ऑर्डर देताना शिल्लक ठीक दिसली म्हणून ही गोळी लिहिली नाही, तर पुढची संधी थेट सोमवारी, आणि माल मंगळवारी दुपारी. म्हणजे गुरुवारच्या शिलकीवर शुक्रवार ते मंगळवार काढायचे आहेत. धरायचा आकडा एक दिवस नव्हे, पाच दिवस. माझ्या मते छोट्या दुकानांतली बरीचशी ओढाताण या एका चुकीच्या आकड्यातून येते.

पाच दिवस, रोज 6, म्हणजे 30 स्ट्रिप. इथे थांबलं तर पुन्हा फसगत आहे, कारण दिवसाला 6 विकल्या जातात हे फक्त कागदावर. दिवसातून दोनदा गोळी घेणारा माणूस महिन्याच्या 60 गोळ्या एकदम नेतो: 6 स्ट्रिप एका बिलात. एखाद्या दिवशी एकही जात नाही, एखाद्या दिवशी असे तीन जण येतात. शिवाय पगार-पेन्शन झाल्यावर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झुंबड असते. म्हणून सरासरीच्या पुढे जाऊन 90 दिवसांचे पाच-पाच दिवसांचे गट पाडायचे, माल नव्हता ते गट वगळायचे आणि प्रत्येक गटात किती गेल्या ते बघायचं. समजा, बहुतेक गटांत 22 ते 32 गेल्या, पण तिन्ही महिन्यांच्या सुरुवातीला 39, 41 आणि 44. मग या गोळीची लेव्हल 45 ठेवावी. जुन्या 10 च्या जागी 45 ऐकून दुकानदार दचकेल. पण गोळी स्वस्त आहे, रोज खपणारी आहे, मुदत लांब आहे. 15 स्ट्रिप जास्त ठेवण्यात फार पैसा अडकत नाही.

महागड्या, अधूनमधून जाणाऱ्या औषधाला मात्र हाच न्याय लावायचा नाही. तिथे वर्षातून एखाद्या वेळी ‘उद्या देतो’ म्हणावं लागलं तरी चालतं.

लेव्हल कधी मागवायचं ते सांगते. किती मागवायचं हा प्रश्न वेगळा आहे, आणि जास्तीचा माल साचतो तो इथे. आठवड्यातून दोनदा गाडी येत असेल तर मेटफॉर्मिनच्या 60 स्ट्रिप, म्हणजे दहा दिवसांचा माल, पुरेसा आहे. पण सेल्समन स्कीम घेऊन येतो: दहावर एक फ्री. खोकल्याच्या औषधाच्या 22 बाटल्या घ्या, पैसे 20 चे द्या. दुकानात महिन्याला दोन जात असतील तर हा अकरा महिन्यांचा माल झाला. मुदत आहे नऊ महिने, म्हणजे चार बाटल्या उरणार. दोन फुकट मिळाल्या, चार वाया गेल्या. कंपनी मुदतबाह्य माल परत घेईल या भरवशावर ही बेरीज करू नये. ते क्रेडिट उशिरा येतं आणि पूर्ण येईलच असं नाही.

काढलेली लेव्हल कायमचीही नसते. ओआरएसची पाकिटं किंवा पावसाळ्यातली बुरशीची मलमं यांना गेल्या तीन महिन्यांची विक्री उपयोगाची नाही. मागच्या वर्षीचा तोच महिना बघावा लागतो. याहून त्रासदायक म्हणजे समोरच्या डॉक्टरांनी ब्रँड बदलणं. जुन्या ब्रँडची विक्री चार दिवसांत थांबते, पण कॉम्प्युटर जुन्या सरासरीवर मागवत राहतो. दर पंधरा दिवसांनी गेल्या पंधरवड्याची विक्री तीन महिन्यांच्या सरासरीशी ताडून बघावी. निम्म्याखाली गेलेली नावं थोडीच निघतात, आणि बहुतेकांचं कारण काउंटरवरच्या मुलाला आधीच माहीत असतं.

आणि हे सगळं करण्याआधी खोकी उघडून मोजावं लागतं. स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या आणि बिल पूर्ण स्ट्रिपचं झालं, खरेदीचं बिल चढवायचं राहिलं, परत आलेली पाकिटं नोंदलीच नाहीत, की स्क्रीनवरचा आकडा आणि खोक्यातला माल जुळत नाही. मग लेव्हल 45 असो की 10, यादीत नाव वेळेवर येत नाही. रोज दुपारच्या निवांत वेळात वीस औषधं मोजली तर चारशे औषधांचा फेरा वीस दिवसांत पूर्ण होतो.

काही औषधं या हिशेबात बसतच नाहीत. फिट्सची एखादी गोळी गावात एकच पेशंट घेतो, महिन्याला सहा स्ट्रिप. सरासरी काढली तर पाच दिवसांना एक स्ट्रिप येते, आणि ती काही कामाची नाही, कारण तो येतो तेव्हा सहाच्या सहा लागतात. त्यात खंड पडला तर पुन्हा फिट येण्याचा धोका असतो. अशा औषधाला लेव्हल नको, तारीख हवी: मागचं बिल 8 तारखेचं असेल तर पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपर्यंत सहा स्ट्रिप खोक्यात आणि त्यावर पेशंटचं नाव.