मंगळवारची तालीम

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन नावाचं छोटं शहर आहे. १० मार्च २०२०, मंगळवार. तिथल्या समूहगायनाच्या मंडळाचे ६१ जण संध्याकाळी साडेसहाला एका चर्चच्या सभागृहात तालमीला जमले. करोनाच्या बातम्या कानांवर होत्या, म्हणून कुणी कुणाला मिठी मारली नाही, हस्तांदोलन केलं नाही, दाराशी हात निर्जंतुक करायचं द्रव ठेवलं होतं. अडीच तास गाणं झालं. मध्ये बिस्किटं-संत्र्यांची छोटी सुट्टी झाली. नऊ वाजता खुर्च्या रचून सगळे घरी गेले. त्यांच्यातल्या एकाला तीन दिवसांपासून सर्दीसारखं वाटत होतं. पुढच्या काही दिवसांत त्या व्यक्तीसह ५३ जण आजारी पडले. ३३ जणांची चाचणी करून खात्री झाली, २० जणांचा आजार लक्षणांवरून धरला गेला. दोघं दगावले.

या तालमीचा मी अनेकदा विचार करते, कारण आपल्याला तेव्हा शिकवलेली खबरदारी या माणसांनी बरीचशी पाळली होती. चूक कुठे होती हे समजायचं, तर गायकाच्या छातीत एक कण जन्मतो तिथून दुसऱ्याच्या नाकातल्या पेशीपर्यंतचा प्रवास नीट पाहावा लागतो.

फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या श्वास सोडताना मिटतात आणि घेताना पुन्हा उघडतात. आतून त्या ओल्या असतात. उघडताना त्या ओलाव्याचा पातळ पापुद्रा ताणला जातो आणि साबणाचा फुगा फुटावा तसा फुटतो. त्यातून उडालेले कण पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. बोलताना आणि गाताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, तिथेही असेच कण उडतात. आवाज जितका चढा तितके जास्त. हे सगळे कण फार बारीक, बहुतेक काही मायक्रॉनांचे. (केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरा.) तोंडातल्या लाळेचे थेंब मात्र मोठे असतात, शिंकताना अंगावर जाणवतात ते हे.

बाहेर पडल्यावर दोघांची वाट वेगळी होते. १०० मायक्रॉनांचा थेंब माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनांच्या कणाला स्थिर हवेत तेवढंच अंतर उतरायला अर्धा तास लागतो, आणि १ मायक्रॉनाच्या कणाला बारा तास. शिवाय खोलीतली हवा कधीच स्थिर नसते. माणसांच्या अंगाच्या उबेनंच ती वर चढत राहते, त्यामुळे असे कण खाली बसण्याआधीच कितीदा तरी वर ढकलले जातात. दुपारी कवडशात तरंगणारी धूळ पाहिली असेल, तर हे वेगळं सांगायला नको. उच्छ्वासातला कण आणखी हलका होतो, कारण बाहेरच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी क्षणार्धात उडून जातं. मागे मीठ, प्रथिनं आणि विषाणू असलेला, मूळ व्यासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा कण उरतो. करोनाचा विषाणू स्वतः जेमतेम ०.१ मायक्रॉनाचा, त्यामुळे त्यात तो सहज मावतो.

थेंब पडण्याआधी वाळू शकतो हे विल्यम वेल्स या अमेरिकी अभियंत्यानं १९३४मध्ये मांडलं होतं. लगेच पडणारे आणि तरंगणारे यांच्यातली सीमा त्यानं सुमारे १०० मायक्रॉनांवर ठेवली होती. मग पुढे कित्येक दशकं वैद्यकाच्या पुस्तकांत ही सीमा ५ मायक्रॉनांवर कशी आली? इतिहास धुंडाळणाऱ्या अभ्यासकांना २०२१मध्ये याचं उत्तर सापडलं. क्षयाचा जंतू रोग करायला फुप्फुसाच्या तळाशीच पोहोचावा लागतो, आणि तिथवर ५ मायक्रॉनांहून लहान कणच जातात. हा आकडा ‘किती खोल जातो’ या प्रश्नाचा होता. नकलांमधून नकला होताना तो ‘किती वेळ तरंगतो’ या प्रश्नाचं उत्तर होऊन बसला. माझ्या मते त्या साथीतली ही सगळ्यात महागडी चूक होती. तिच्यामुळे ५ ते १०० मायक्रॉनांमधले सगळे कण कागदावर ‘लगेच खाली पडणारे’ ठरले. मार्च २०२०च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटना हा रोग हवेतून पसरत नाही असं ठामपणे सांगत होती. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून त्याला हरकत घेतली.

या गैरसमजाला आणखी एक आधार मिळाला होता. रोग बहुतेक वेळा जवळच्या माणसाला होतो, म्हणजे तो जवळच पडणाऱ्या मोठ्या थेंबांनी होत असणार, असा तो तर्क. पण उदबत्ती आठवा. टोकाजवळ धूर दाट असतो, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात विरळ. जवळ बसणाऱ्याला त्रास जास्त होतो म्हणून कुणी धुराला जमिनीवर पडणारी वस्तू म्हणत नाही. बारीक कणांचं तसंच आहे. अंतर ठेवल्यानं ते विरळ होतात, संपत नाहीत. आणि दारं-खिडक्या लावून बसलं तर थोड्या वेळानं कोपऱ्यातही दाटी होते.

आता आत जाऊ. कणाचा आकार इथेही निर्णायक ठरतो, कारण तो कुठे टेकणार हे त्यावरच ठरतं. जाडसर कण नाकातल्या वळणांवर वळू न शकल्यानं भिंतीला चिकटतात. अगदी बारीक कण खोल हवेच्या पिशव्यांपर्यंत जातात. क्षयाच्या जंतूला तळ गाठावा लागतो, करोनाच्या विषाणूला नाही. त्याला हवी असलेली पेशी नाकातच भरपूर असते. ही पेशी म्हणजे श्वासमार्गाच्या अस्तरातली केसाळ पेशी. तिच्या माथ्यावर शे-दोनशे सूक्ष्म केस असतात, प्रत्येक सहा-सात मायक्रॉन उंच. सेकंदाला दहा-वीस वेळा ते एका दिशेला फटकारे मारतात. त्यांच्यावर शेंबडाचा चिकट थर तरंगत असतो. केसांच्या फटकाऱ्यांनी हा थर घशाकडे सरकतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. नाकात अडकलेली धूळ, परागकण, जंतू असेच पोटात जाऊन नष्ट होतात. विषाणूची पहिली गाठ या सरकत्या थराशी पडते, आणि बहुतेक विषाणू इथेच संपतात.

जे निसटतात ते कसे निसटतात, हे बराच काळ नीट कळलेलं नव्हतं. पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला शेंबडाचा थर आणि केसांचं दाट रान, दोन्ही पार करावं लागतं. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी माणसाच्या नाकातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर विषाणू सोडला आणि २०२३मध्ये निष्कर्ष मांडले. विषाणू आधी केसांनाच चिकटतो आणि त्यांच्या आधारानं खाली पेशीपर्यंत येतो. ज्या पेशींना केस येऊच दिले नाहीत, त्यांत लागण फार कमी झाली. शरीरानं कचरा बाहेर लोटण्यासाठी ठेवलेले केस विषाणूला शिडीसारखे उपयोगी पडतात.

केसाला धरायला मूठ लागते. एसीई-२ नावाचं प्रथिन ती मूठ पुरवतं. ते विषाणूसाठी ठेवलेलं नाही. रक्तदाब वाढवणाऱ्या एका संप्रेरकाचे तुकडे करणं हे त्याचं खरं काम. विषाणूच्या अंगावरच्या काट्यांचं टोक त्यात नेमकं बसतं. पण धरलं म्हणजे आत शिरलं असं होत नाही. काटा दुमडलेल्या चाकूसारखा असतो, आणि तो उघडायला त्याला एका ठिकाणी कापावं लागतं. ही कात्रीही पेशीच पुरवते: टीएमपीआरएसएस-२ हे तिच्या पृष्ठभागावरचं एन्झाइम. काप बसला की काट्यातला लपलेला भाग बाहेर झेपावतो, पेशीच्या पापुद्र्यात रुततो आणि मग काटा पुन्हा मिटत जाताना विषाणूचं आवरण आणि पेशीचा पापुद्रा एकमेकांवर ओढले जातात. तेलाचे दोन थेंब मिसळावेत तसे ते एक होतात आणि विषाणूचा आरएनए आत सांडतो. साधारण आठ-दहा तासांत त्या पेशीतून नवे विषाणू बाहेर पडू लागतात. ओमायक्रॉनचा या कात्रीवरचा भर कमी झाला. पेशीनं गिळल्यावर आतल्या पिशवीतून सुटायची दुसरी वाट तो जास्त वापरतो. तो नाकात-घशात जोमानं वाढला, फुप्फुसात तुलनेनं कमी, याचं एक कारण त्यातच शोधलं जातं.

नवे विषाणू शेंबडात येतात, पुढच्या केसाळ पेशींवर पसरतात, काही श्वासाबरोबर खाली फुप्फुसात ओढले जातात, आणि काही पुन्हा त्या फुटणाऱ्या पापुद्र्यांतून बाहेर हवेत जातात.

तर मग एका माणसाला लागण व्हायला किती कण पुरतात? वेल्सनं हे मोजायची चतुर रीत सुचवली होती, आणि ती तालमीला लावून पाहता येते. शंभर फरश्यांचं अंगण घ्या. त्यावर पावसाचे शंभर थेंब कसेही पडू द्या. प्रत्येक फरशीला एक एक थेंब मिळत नाही. काहींवर दोन-तीन पडतात आणि सुमारे ३७ कोरड्या राहतात. दोनशे थेंब पडले तर कोरड्या राहतात १३-१४. तालमीत आधीच आजारी असलेली व्यक्ती सोडून ६० जण होते आणि ८ सुटले, म्हणजे शंभरात तेराच्या आसपास. याचा अर्थ प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोन ‘थेंब’, म्हणजे लागणीपुरत्या दोन मात्रा आल्या.

आता हवा निम्मी विरळ झाली असती तर? सरासरी एक मात्रा; ३७ टक्के, म्हणजे २२ जण सुटले असते आणि ३८ आजारी पडले असते. हवा निम्मी स्वच्छ होऊनही ५२चे निम्मे होत नाहीत, कारण ती हवा मुळात गरजेपेक्षा खूपच भरलेली होती. चौपट विरळ असती तर सुमारे २४ जण, दहापट असती तर ११. खिडकी थोडीशी किलकिली करून का भागत नाही, हे या आकड्यांत दिसतं. या गणितात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: हवा सगळीकडे सारखी मिसळली, आणि सगळ्यांना लागण त्याच संध्याकाळी, हवेतूनच झाली. पहिल्या सरकारी अहवालानं जवळजवळ मांडलेल्या खुर्च्या आणि वाटून खाल्लेला खाऊ यांचीही शक्यता नोंदवली होती. नंतर झालेल्या सविस्तर विश्लेषणानं मात्र सभागृहाच्या हवेलाच मुख्य कारण मानलं.

हवा किती भरली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पण एका छोट्या यंत्रानं अंदाज येतो. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४० हजार. खोलीतलं यंत्र १२०० दाखवत असेल, तर सुमारे ८०० भाग माणसांच्या छातीतून आलेले. म्हणजे आपण घेत असलेल्या श्वासाचा पन्नासावा हिस्सा कुणीतरी नुकताच सोडलेला. आपल्याकडच्या वर्गांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत भिंतीवर स्प्लिट एसी लावून दारं-खिडक्या घट्ट मिटतात, तिथे हा आकडा भराभर चढतो. हे यंत्र तीच आतली हवा थंड करून पुन्हा फिरवतं. बाहेरची हवा आत आणत नाही. थंडाव्यामुळे मात्र हवा ताजी असल्याचं वाटत राहतं. कार्बन डायऑक्साइडचा आकडा विषाणू मोजत नाही. खोलीत चांगली गाळणी चालू असेल तर विषाणू कमी होतात, आकडा तसाच राहतो. आणि खोलीत आजारी कुणीच नसेल, तर २०००वरही काही होत नाही. पण १० मार्चच्या संध्याकाळी आपल्यातलं कोण आजारी आहे, हे त्या साठ जणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.