‘आम्ही केलं’ म्हणताना त्यात ‘मी’ किती?

आज आपण एकच वाक्य घेऊ. कृषी पदवीधर मुलाखतीत सांगतो, ‘आम्ही हरभऱ्याच्या मर रोगावर काम केलं.’ समोरच्याला प्रश्न पडतो, आम्ही म्हणजे कोण, अन् त्यात तुम्ही कुठे?

हरभऱ्याचं वाण एकट्याचं नसतंच. आपल्याकडचं जाकी ९२१८ बघा, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट यांचं ते मिळून झालेलं काम. संकर करणं, पिढ्यान्‌पिढ्या निवड, रोगाची चाचणी, ठिकठिकाणी उत्पादन तपासणं, यात कितीतरी वर्षं आणि कितीतरी हात जातात.

आता समजा, एक मुलगा अशाच एखाद्या प्रकल्पात दोन हंगाम होता. त्याचं काम सिक प्लॉटवर, म्हणजे मर रोगाची बुरशी मुद्दाम वाढवलेल्या जमिनीवर. तिथं नव्या वाणांच्या ओळींमध्ये जेजी ६२ हे रोगाला लगेच बळी पडणारं वाण पेरतात. ते मेलं, तर जमिनीत रोग नीट आहे असं समजायचं. तेच जगलं, तर शेजारची ओळ जगली याला काही अर्थ नाही.

या मुलानं दर पंधरा दिवसांनी मेलेली झाडं मोजली. एका कोपऱ्यात जेजी ६२ हिरवंगार उभं दिसलं. त्यानं ते मार्गदर्शकांना दाखवलं, आणि त्या भागातले आकडे निकालातून वगळले गेले.

बायोडेटात तो काय लिहितो? ‘नोंदी घेण्यास मदत केली.’ इथं तो स्वतःला फारच स्वस्तात विकतो. त्याचा मित्र उलट लिहितो, ‘मर रोगप्रतिकारक वाण विकसित केले.’ मग ‘संकर कोणते? निवड कुणी केली?’ एवढ्या दोन प्रश्नांत तो अडकतो.

आम्ही म्हणू, असं लिहा: ‘गटानं मर रोगासाठी नव्या वाणांची चाचणी केली. सिक प्लॉटवरच्या दोन हंगामांच्या नोंदी मी घेतल्या. एका भागात जेजी ६२ जगल्याचं मी लक्षात आणून दिलं. आकडे वगळायचा निर्णय मार्गदर्शकांचा.’ वाक्यागणिक कर्ता बदलतो, बघा. गटाचं गटाला, साहेबांचं साहेबांना. मराठीत ‘करण्यात आले’ लिहिलं की कर्ताच गायब होतो, आणि ‘मदत केली’त नेमकं काम बुडतं. म्हणून ‘मोजलं’, ‘दाखवलं’, ‘सुचवलं’ अशी क्रियापदं घ्या.

शंका आली तर दोन प्रश्न विचारा. मी नसतो तर काय वेगळं झालं असतं? इथं उत्तर आहे: जमिनीत रोगच नसल्यानं तगलेली ओळ कदाचित प्रतिकारक ठरली असती. आणि दुसरा, हे वाक्य त्या प्लॉटवरच्या सहकाऱ्यासमोर मोठ्यानं वाचता येईल का? नोंदी दोघांनी आलटूनपालटून घेतल्या असतील, तर ‘मी घेतल्या’ हे तिथंच खटकेल. मग ‘निम्म्या नोंदी’ लिहायचं.